बाळाचा डोळा चिकटतो तेव्हा बोट नेमके कुठे ठेवायचे?

सोलापुरातले तीन आठवड्यांचे बाळ. सकाळी डावा डोळा चिपडाने चिकटलेला असतो, दिवसभर त्यातून पाणी गालावर ओघळते, पण डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ आहे आणि बाळ डोळा नीट उघडते. बहुतेक वेळा हा डोळा ‘आलेला’ नसतो, तर अश्रूंची नळी तुंबलेली असते. अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एका छोट्या पिशवीत उतरतात आणि तिथून नळीने नाकात जातात. नळीच्या नाकाकडच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो. तो जन्मापर्यंत उघडला नाही तर अश्रू मागे साचतात, आणि साचलेल्या पाण्यात चिपड धरते.

मालिश असते ते हा पडदा उघडण्यासाठी. पण घरोघरी नाकाचे हाड वरून खाली चोळले जाते आणि पिशवी बाजूलाच राहते. आधी नखे कापून साबणाने हात धुवा. तर्जनीचे टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला, नाकाच्या कडेला टेकवा, बुबुळावर नको. तिथे हलकेच आत दाबा आणि दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने खाली सरकवा. पिशवीतल्या पाण्याचा दाब खाली पडद्यावर यायला हवा, म्हणून नुसते कुरवाळून भागत नाही. मात्र बाळ कळवळेल इतका जोरही नको. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करा. दूध पाजताना बाळ शांत असते, तेव्हा सोपे जाते. दाबल्यावर कोपऱ्यातून पाणी किंवा चिपड वर आले तर घाबरू नका, बोट बरोबर पिशवीवर आहे.

वर आलेले लगेच पुसा. पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात कापसाचा बोळा भिजवून पिळा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा. पुन्हा पुसायचे तर नवा बोळा घ्या. वाळलेले चिपड ओरबाडू नका. ओला बोळा थोडा वेळ वर ठेवला की ते सुटते. काजळ, एरंडेल, अंगावरचे दूध यांतले काहीच डोळ्यात घालू नका. काजळाची काजळी तर त्याच चिपडात बसते. चिपड वाढले म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घालणेही नको. थेंबांनी जंतू मरतील, पडदा उघडणार नाही.

वर्षभरात दहापैकी जवळपास नऊ बाळांची नळी आपोआप मोकळी होते. सुधारणा सावकाश होते: आधी चिपड कमी होते, पाणी मात्र बरेच दिवस राहते, सर्दी झाली की पुन्हा वाढते. वर्षानंतरही पाणी थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञ नळीतून बारीक सळई घालून ती मोकळी करतात.

पहिल्या महिन्यात डोळा लाल झाला, पापण्या सुजल्या किंवा भरपूर पू येऊ लागला, तर त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचे नेत्ररुग्णालय गाठा; तो जंतुसंसर्ग बुबुळापर्यंत जाऊ शकतो. कोपऱ्यात लाल, दुखरी किंवा निळसर गाठ दिसली तर मालिश थांबवून तपासून घ्या. बाळ उजेडाला डोळे मिटत असेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर ती काचबिंदूची खूण असू शकते. तेव्हा मालिश करत दिवस घालवू नका.