पाकीटबंद मांसाचा रंगबदल

पाकिटातले कच्चे मांस तपकिरी किंवा करडे पडले, की ते नासले असे समजून अनेकदा टाकून दिले जाते. बहुतेक वेळा हा बदल मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. नासणे हे जिवाणूंचे काम असून ते वेगळ्या खुणांनी ओळखावे लागते.

मायोग्लोबिन स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवते. त्याच्या रेणूत लोहाचा एक अणू असतो. मांस नुकते कापले, की ते जांभळट दिसते. हवा लागली की साधारण अर्ध्या तासात लालभडक होते. पुढे या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी मेटमायोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन भरपूर असेल तर लाल रंग टिकतो आणि अजिबात नसेल तर जांभळा. तपकिरी रंग सर्वांत वेगाने येतो तो ऑक्सिजन अगदी थोडा असताना.

खिम्याच्या ट्रेमध्ये हे स्पष्ट दिसते. वरचा थर लाल, पण चमच्याने उकरले की आत करडा-तपकिरी. दुकानदाराने खाली जुना माल दडपला, अशी शंका येते. प्रत्यक्षात वरून आलेला ऑक्सिजन काही मिलिमीटरच आत जातो, आणि त्याखालच्या पट्ट्यात तो अपुरा पडतो. खिमा ताटलीत पसरून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला, तर जांभळट-करडा भाग पुन्हा लाल होऊ लागतो. पूर्ण तपकिरी झालेला भाग मात्र तसाच राहू शकतो, कारण मांस जुने होत जाते तशी रंग परत आणणारी त्याची रासायनिक क्षमता संपत जाते. तेवढ्यावरून तो टाकू नये. वास आणि स्पर्श पाहावा.

नासलेले मांस हाताला बुळबुळीत, चिकट लागते; धुऊनही आंबूस किंवा कुजका वास जात नाही. निर्वात पाकीट फुगलेले असेल तर ते घेऊच नये. न फुगलेले निर्वात पाकीट उघडताना येणारा हलका कोंदट वास मात्र काही मिनिटांत उडाला, तर तो दोष नव्हे.

उलट बाजूची फसगत जास्त धोक्याची आहे. काही पाकिटांत सुमारे ८० टक्के ऑक्सिजन भरतात. अमेरिकेत ०.४ टक्के कार्बन मोनॉक्साइडलाही परवानगी आहे. युरोपीय संघात नाही. कार्बन मोनॉक्साइडने मांस नासल्यावरही लाल दिसू शकते, म्हणून अशा पाकिटावरची तारीखच पाहावी. साल्मोनेलासारखे रोगजंतू तर रंग, वास, स्पर्श कशातच कळत नाहीत. त्यामुळे कच्चा खिमा ४ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ठेवून एक-दोन दिवसांत वापरावा.

शिजवतानाही रंगावर विसंबू नये. भरपूर ऑक्सिजनच्या पाकिटातला खिमा पुरता शिजण्याआधीच तपकिरी होतो. कबाब किंवा पॅटिस करताना मध्यभागी तापमापक खुपसून ७१ अंश आले की नाही ते पाहावे.