प्रकाशीय चिमटा

भिंगाने एका बिंदूत गोळा केलेला लेसर झोत पाण्यातल्या सूक्ष्म पारदर्शक मण्याला त्या बिंदूजवळ धरून ठेवतो, या मांडणीला प्रकाशीय चिमटा म्हणतात. पकडले जाणारे मणी बहुधा पॉलिस्टायरीनचे किंवा सिलिकाचे असतात आणि त्यांचा व्यास साधारणपणे १ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतका असतो. चिमटा हे नाव सोयीचे असले तरी किंचित फसवे आहे. इथे दोन पाती नसतात आणि मण्याला दोन्हीकडून कोणी दाबतही नाही. ही पकड उथळ वाटीत ठेवलेल्या गोटीसारखी असते. गोटी जराशी सरकली तर आपोआप तळाकडे परतते, जोराने ढकलली तर काठावरून बाहेर पडते.

प्रकाशाला संवेग असतो, त्यामुळे तो ज्या वस्तूवर पडतो तिला पुढे ढकलतो. बेल लॅबोरेटरीजमधले आर्थर ॲश्किन १९७० साली हेच ढकलणे पाहू इच्छीत होते. त्यांनी हिरव्या आर्गॉन लेसरचा झोत पाण्यात तरंगणाऱ्या लॅटेक्सच्या मण्यांवर सोडला. मणी झोताच्या दिशेने पुढे निघाले, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण झोताच्या कडेला असलेले मणी आधी आत, झोताच्या मध्याकडे खेचले जात आणि मगच पुढे जात. हे आडवे खेचणे अपेक्षित नव्हते. त्याचे कारण मण्याच्या पारदर्शकतेत आहे.

मणी म्हणजे एक इवलेसे बहिर्वक्र भिंग. तो झोताच्या मध्यापासून थोडा डावीकडे आहे असे धरू. लेसर झोत मध्यभागी सर्वात प्रखर असतो, म्हणून मण्याच्या उजव्या अर्ध्या भागातून जाणारे किरण तेजस्वी, तर डाव्या भागातून जाणारे मंद. भिंग उजवीकडचे किरण डावीकडे वळवते आणि डावीकडचे उजवीकडे. किरण डावीकडे वळला म्हणजे प्रकाशाला डावीकडचा संवेग मिळाला, आणि तितकाच उजवीकडचा संवेग मण्याच्या वाट्याला आला. उजवीकडचे किरण प्रखर असल्याने दोन्ही धक्क्यांत उजवीकडचाच वरचढ ठरतो, आणि मणी मध्याकडे सरकतो. प्रकाशाची तीव्रता ज्या दिशेने वाढत जाते त्या दिशेला ओढणाऱ्या या बलाला प्रवणता बल म्हणतात. पुढे ढकलणारे ते प्रकीर्णन बल.

एक अट मात्र पाळावी लागते. मण्याचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवापेक्षा जास्त हवा. पाण्याचा १.३३, सिलिकाचा सुमारे १.४५, पॉलिस्टायरीनचा १.५७. पाण्यातला हवेचा बुडबुडा याच्या उलट वागतो. त्याच्यात किरण बाहेरच्या बाजूला वळतात, आणि तो झोतातून बाहेर फेकला जातो.

किरणांचे हे चित्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच मोठ्या मण्यांना लागू पडते. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांबाबत वेगळा विचार करावा लागतो. विद्युत क्षेत्रात कणातले धन आणि ऋण भार किंचित दूर सरकतात, आणि असा कण क्षेत्र जिथे तीव्र असेल तिकडे खेचला जातो. ऋण भाराच्या कंगव्याकडे कागदाचे कपटे उडी घेतात, त्याचेच हे भावंड. इथे आकाराचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. प्रवणता बल त्रिज्येच्या तिसऱ्या घाताप्रमाणे बदलते, तर प्रकीर्णन बल सहाव्या. त्यामुळे कण लहान केला की ढकलणे फार वेगाने कमी होते, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की ओढही कमी होते, आणि एका मर्यादेनंतर पाण्याच्या रेणूंच्या धडकाच कणाला वाटीबाहेर काढतात.

आडवी पकड समजली तरी पुढे जाण्याचे काय, हा प्रश्न राहतोच. ॲश्किन यांनी १९७० साली समोरासमोर दोन झोत लावून तो सोडवला. एकाच झोतात मणी अडकवण्याचे काम १९८६ साली झाले, त्यात ॲश्किन यांच्यासोबत जोसेफ झिएझिक, जॉन ब्यॉर्कहोम आणि स्टीव्हन चू होते. युक्ती अशी की झोत इतका तीव्रपणे एका बिंदूत आणायचा की प्रखरतेचा उतार झोताच्या दिशेतही तयार व्हावा. मणी त्या बिंदूच्या, म्हणजे नाभीच्या, पुढे गेला तर त्याच्यापर्यंत पोचणारे किरण पसरत असतात. मणी त्यांना एकत्र आणतो, म्हणजे अधिक सरळ पुढे वळवतो. प्रकाशाला पुढचा संवेग जास्त मिळाला, म्हणून मण्याला मागे ओढ बसते. ही ओढ पुढच्या ढकलण्याला पुरून उरली की मणी थांबतो. ढकलणे पूर्ण नाहीसे होत नसल्याने तो नेमका नाभीवर न थांबता तिच्या जरासा पुढे स्थिरावतो.

मागे ओढण्याचे काम भिंगाच्या कडेवरून तिरपे येणारे किरणच करतात. मधून सरळ येणारे किरण बहुतांशी ढकलतातच. भिंग किती तिरपे किरण बिंदूत आणू शकते त्याचे माप म्हणजे न्यूमरिकल ॲपर्चर. म्हणून १.२ ते १.४ न्यूमरिकल ॲपर्चरचे वस्तुभिंग वापरावे लागते, आणि झोत आधी रुंद करून त्या भिंगाचे मागचे तोंड काठोकाठ भरावे लागते. नवख्याच्या हातून इथेच चूक होते. झोत अरुंद ठेवला की प्रकाश वाया जात नाही, म्हणून बरे वाटते, पण मणी आडवा नीट धरला जातो आणि नाभीतून पुढे निसटून वरच्या काचेला जाऊन टेकतो. मणी धूसर होत होत प्रतिमेतून नाहीसा होत असेल, तर लेसरची शक्ती वाढवण्यापेक्षा आधी झोताची रुंदी पाहावी. शक्ती वाढवली तर ढकलणेही त्याच प्रमाणात वाढते.

पकड किती मजबूत असते ते एका उदाहरणाने पाहू. बल काढायचे सूत्र F = Q n P / c असे आहे. P ही नाभीवर पोचणारी शक्ती, n द्रवाचा अपवर्तनांक, c प्रकाशाचा वेग, आणि Q हा प्रकाशाच्या संवेगाचा किती हिस्सा उपयोगी पडला ते सांगणारा अंक. शक्ती ४० मिलीवॅट घेतली तर n P / c सुमारे १७७ पिकोन्यूटन येते. Q ०.१ धरला, तर जास्तीत जास्त आडवे बल जेमतेम १८ पिकोन्यूटन. ऐकायला हे नगण्य वाटते. पण १ मायक्रोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीन मण्याचे पाण्यातले वजन एका पिकोन्यूटनच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. गुरुत्वाकर्षण इथे हिशेबातही येत नाही. खरा प्रतिस्पर्धी आहे ती पाण्याची उष्णता.

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसते. मोकळा मणी सतत थरथरत भटकत असतो, सेकंदाभरात साधारण एक मायक्रोमीटर सरकतो. नाभी त्याच्याजवळ आणली की तो झटकन आत ओढला जातो आणि जागच्या जागी बारीक कापत राहतो. नमुन्याची पट्टी हळूच सरकवली की बाकीचे मणी वाहत जातात, हा तेवढा तिथेच. लेसरचे झाकण लावले की पुन्हा भटकंती सुरू.

हे कापणेच चिमट्याचे माप देते. मणी मध्यापासून जितका सरके तितके परतीचे बल वाढते, स्प्रिंगसारखे, आणि त्या स्प्रिंगचा ताठरपणा उष्णतेच्या ऊर्जेला मण्याच्या विस्थापनाच्या सरासरी वर्गाने भागून मिळतो. खोलीच्या तापमानाला ही ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर असते. समजा सरासरी वर्ग ८२ चौरस नॅनोमीटर आला, म्हणजे मणी साधारण ९ नॅनोमीटर इकडेतिकडे हलतो. मग ताठरपणा ०.०५ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर. पडताळा दुसऱ्या मार्गाने घ्यावा. पट्टी सेकंदाला १०० मायक्रोमीटर वेगाने सरकवली तर पाण्याची ओढ मण्यावर सुमारे ०.८४ पिकोन्यूटन बसते, आणि मणी मध्यापासून १७ नॅनोमीटर सरकायला हवा. दोन्ही आकडे जुळले तरच मापावर विश्वास ठेवावा.

ते न जुळण्याची कारणे ठरावीक आहेत. सर्वात फसवे कारण कॅमेऱ्याचे. वरच्या मण्याला मध्याकडे परतायला एका मिलिसेकंदाच्या सहाव्या भागाइतका वेळ लागतो. कॅमेऱ्याची प्रत्येक चौकट १० मिलिसेकंद उघडी असेल, तर तेवढ्यात मणी कितीदा तरी हलून परत येतो आणि चित्रात उमटतो तो फक्त सरासरी ठिपका. हालचाल लहान दिसते, आणि ताठरपणा खऱ्याच्या सुमारे तीसपट निघतो. मणी फार छान धरलाय असे वाटते! चौकटीचा वेळ कमी करताच उत्तर बदलले, तर ते उत्तर खोटे होते असे समजावे. म्हणूनच चार भागांच्या प्रकाशसंवेदकाने सेकंदाला हजारो वेळा जागा टिपतात. दुसरे कारण काचेची जवळीक. मण्याचा मध्य काचेपासून १ मायक्रोमीटरवर असला तरी पाण्याची ओढ सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. तिसरे कारण अगदीच साधे, पण रोजचे. वाटेने जाणारा दुसरा मणी किंवा कचऱ्याचा कण त्याच नाभीत येऊन बसतो. संवेदकाचा एकूण प्रकाश अचानक उडी मारतो, तेव्हा झाकण लावून सगळे सोडून द्यायचे आणि नव्याने मणी पकडायचा.

प्रकाशाचा रंगही पकडीइतकाच महत्त्वाचा. ॲश्किन आणि झिएझिक तंबाखूच्या मोझेक विषाणूंवर काम करत असताना नमुन्यात आपोआप वाढलेले जिवाणू त्यांच्या हिरव्या झोतात अडकले, आणि थोड्याच वेळात मेले. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त लेसरवर गेल्यावर, १९८७ साली, जिवाणू चिमट्यात जिवंत राहिले आणि धरलेल्या अवस्थेतच त्यांची संख्याही वाढली. या तरंगलांबीला पेशी आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात. पण शून्य नव्हे. नाभीवर १०० मिलीवॅट असतील तर आसपासचे पाणी साधारण एका अंशाने तापते. ॲश्किन यांना या कामासाठी २०१८ सालचे भौतिकशास्त्राचे अर्धे नोबेल मिळाले, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

पिकोन्यूटनचे बल आणि नॅनोमीटरचे अंतर, ही पेशीतल्या प्रथिनांची मोजपट्टी आहे. कायनेसिन हे प्रथिन पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या रुळावरून ओझे वाहून नेते. मण्यांवर ते इतके विरळ चिकटवायचे की एका मण्यावर बहुधा एकच रेणू कामाला असेल, मग मणी चिमट्यात धरून रुळावर टेकवायचा. १९९३ साली अशा प्रयोगात मणी ८ नॅनोमीटरच्या ठळक पायऱ्यांनी पुढे जाताना दिसला. मणी जितका पुढे जाई तितकी चिमट्याची ओढ वाढत जाई, आणि ५ ते ७ पिकोन्यूटनच्या सुमारास कायनेसिन थबके. आपल्या ०.०५ ताठरपणाच्या चिमट्यात ६ पिकोन्यूटन म्हणजे मध्यापासून १२० नॅनोमीटर. उलट दिशेने ओढणारे डायनिन हे प्रथिन एकेकटे दुबळे असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने पेशींना लॅटेक्सचे मणी गिळायला लावले आणि पेशीच्या आत असतानाच ते चिमट्याने धरले. एका मण्याला ओढणारी अनेक डायनिन आपसांत भार वाटून घेतात आणि मिळून मोठे बल लावतात, असे त्यांनी २०१३ साली दाखवले.