सुटलेला धागा आणि सोडलेला धागा

कादंबरी संपते आणि एखादं उपकथानक मधेच लोंबकळत राहतं. अशा वेळी वाचक दोनपैकी एक बोलतो: 'लेखक विसरला' किंवा 'मुद्दामच ठेवलंय, तीच तर गंमत'. दोन्ही वाक्यं पुस्तक न चाळताही बोलता येतात, म्हणून मला दोन्ही खटकतात. उत्तर बहुतेकदा पुस्तकातच सापडतं. रहस्यकथेत तर ते फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे उत्तर मिळेल हे पहिल्या पानापासून गृहीत असतं. म्हणून दोन रहस्यकादंबऱ्याच घेते.

पहिली रेमंड चँडलरची 'द बिग स्लीप', १९३९ सालची. श्रीमंत स्टर्नवुड घराण्याचा तरुण ड्रायव्हर ओवेन टेलर गाडीसकट समुद्रात सापडतो. कपाळाच्या बाजूला मार लागलेला. अपघात, आत्महत्या की खून? जो ब्रोडी नावाचा इसम कबूल करतो की त्याने टेलरला फटका मारला होता, पण जीव घेतल्याचं नाकारतो. थोड्याच वेळात ब्रोडीलाही कोणीतरी गोळी घालतं. पुढे टेलरचं नाव येतं ते दुसऱ्याच एका खुनाचा हिशेब लावायला. टेलर स्वतः कसा मेला याची तळमळ कोणालाच लागत नाही, नायक मार्लोलाही नाही.

या कादंबरीवर १९४६ मध्ये सिनेमा आला. तो करताना ड्रायव्हरला कोणी मारलं असं चँडलरलाच तारेने विचारलं गेलं आणि आपल्यालाही ते ठाऊक नाही, असं त्याने पुढे एका पत्रात लिहिलं. हा किस्सा सगळे सांगतात, पण त्यामागचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चँडलरने ही कादंबरी आपल्याच जुन्या कथा जोडून रचली होती. ड्रायव्हरचा भाग मुख्यतः १९३५ च्या 'किलर इन द रेन'मधून आला आणि स्टर्नवुडांच्या बेपत्ता जावयाचा शोध १९३६ च्या 'द कर्टन'मधून. पूर्वार्धाचं कापड एक, उत्तरार्धाचं दुसरं. शिवण जिथे आली तिथेच टेलरचा धागा सुटला.

दुसरी टाना फ्रेंचची 'इन द वुड्स', २००७ सालची. १९८४ च्या उन्हाळ्यात डब्लिनजवळच्या रानात बारा वर्षांची तीन मुलं खेळायला जातात. एकच सापडतो: झाडाला घट्ट चिकटलेला, बुटांत रक्त, आठवण कोरी. बाकी दोघांचा पत्ता कधीच लागत नाही. तो वाचलेला मुलगा मोठा होऊन, नाव बदलून पोलीस अधिकारी होतो आणि त्याच गावात एका मुलीचा खून झाल्यावर तपास त्याच्याकडे येतो. नव्या खुनाचा उलगडा होतो (तो इथे सांगत नाही), जुन्या प्रकरणाचा शेवटपर्यंत नाही. पुस्तक मिटल्यावर अनेक वाचक चिडतात आणि ती चीड मला कळते.

पण हा धागा कितीदा हातात घेतला जातो ते बघा. रॉब रायन आपली ओळख वरिष्ठांपासून लपवतो, कारण ती कळली तर तपास त्याच्याकडून जाईल. एका रात्री तो आठवण परत येईल या आशेने त्या रानात एकटा झोपायला जातो. काहीतरी आठवू लागतं, आणि नेमका तिथेच तो घाबरून पळतो. त्या रात्रीनंतर सहकारी कॅसीशी असलेली त्याची मैत्री मोडते, तपासात त्याचा तोल जातो आणि एक चूक अशी होते की खऱ्या दोषीला हवी तशी शिक्षा होत नाही. म्हणजे न सुटलेल्या प्रकरणाची किंमत सुटलेल्या प्रकरणात मोजली जाते. शिवाय आपण सत्याच्या मागे असतो आणि खोटंही बोलतो, हे निवेदक असलेल्या रॉबने सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं.

टेलरच्या बाबतीत असं काही घडत नाही. त्याचं मरण अपघात ठरवा नाहीतर खून, मार्लोच्या उत्तरार्धातल्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही. माझी कसोटी हीच. पेन्सिल घेऊन त्या उपकथानकाचा शेवटचा उल्लेख कुठल्या पानावर आहे ते शोधायचं, आणि त्यानंतर त्याच्यामुळे कोणाचं काही बिघडलं का ते बघायचं. पात्रांना ती उणीव टोचत असेल तर लेखकाने धागा सोडलाय. फक्त आपल्यालाच टोचत असेल, तर बहुधा तो सुटलाय.

'बहुधा' म्हणते, कारण मालिकेतल्या पुस्तकांत ही खूण फसते. तिथे पुढच्या भागासाठीही धागा राखलेला असू शकतो. चँडलरच्या बाजूनेही कोणी म्हणेल की त्याच्या लॉस एंजेलिसमध्ये एका ड्रायव्हरच्या मरणाची कोणाला पडली नाही, हेच त्याला दाखवायचं होतं. हे वाचन सुंदर आहे. पण त्यासाठी मार्लोची एखादी अस्वस्थ ओळ हवी होती. जावई रस्टी रीगनसाठी पुस्तकाच्या अगदी शेवटी ती आहे, टेलरसाठी मला ती कुठेच सापडली नाही.