टोकाजवळचे प्रतिबल असमान का असते, आणि आम्ही स्ट्रेन गेज आत का चिकटवतो

पट्टीच्या चाचणीचा अहवाल हाती आल्यावर अनेक ग्राहक विचारतात की भार टोकावर दिला असताना मोजमाप टोकापासून दूर का घेतले. त्याचे उत्तर समजावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

एक पोलादी पट्टी घेऊ : रुंदी 50 मिलिमीटर, जाडी 10 मिलिमीटर. तिच्या दोन्ही टोकांवर, रुंदीच्या बरोबर मध्यभागी, 40,000 न्यूटनचा दाब एका अरुंद जागी दिला आहे. भाराला 500 चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाने भागले की सरासरी प्रतिबल 80 मेगापास्कल येते. पण टोकापासून 12.5 मिलिमीटरवरच्या छेदात ते मध्यभागी सुमारे 206 आणि कडांशी जेमतेम 16 असते. 25 मिलिमीटरवर हेच आकडे 111 आणि 53 होतात, आणि 50 मिलिमीटरवर, म्हणजे पट्टीच्या रुंदीइतक्या अंतरावर, 82 आणि 78. एवढा फरक आम्ही व्यवहारात समान वाटप मानतो.

असे होण्याचे कारण पदार्थाच्या आतच आहे. भाराखालचा मधला भाग शेजारच्या भागापेक्षा जास्त दबू पाहतो, पण दोन्ही एकमेकांना जोडलेले असल्याने कर्तन प्रतिबलाद्वारे शेजारचा भागही ओढला जातो आणि प्रत्येक थराबरोबर भार कडांकडे पसरत जातो. प्रत्यक्ष वाटप आणि समान वाटप यांतला फरक स्वतःच समतोल असतो, म्हणजे त्याचे एकूण बल शून्य आणि आघूर्णही शून्य असते. त्यामुळे त्याला दूरवर टिकवून धरणारे काहीच उरत नाही. हे तत्त्व फ्रेंच अभियंते सां-व्हनां यांनी 1855 मध्ये मांडले.

यातली 'आघूर्ण शून्य' ही अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. भार मध्यापासून रुंदीच्या दिशेने फक्त 5 मिलिमीटर सरकला, तर एका कडेला 128 आणि दुसऱ्या कडेला 32 मेगापास्कल प्रतिबल येते, आणि पट्टी कितीही लांब असली तरी ते समान होत नाही, कारण तो फरक म्हणजे वाकवणारे खरे आघूर्ण असते.

म्हणून आम्ही टोकापासून किमान एक रुंदी आत, दोन्ही कडांजवळ एकेक आणि मध्यभागी एक, असे तीन गेज चिकटवतो. तिन्हींची वाचने जुळली तर वाटप समान आहे. कडांची वाचने एकमेकांपासून वेगळी आली तर भार एका बाजूला गेला आहे असे समजून पट्टी पुन्हा बसवतो. मध्यभागाचेच वाचन कडांपेक्षा मोठे असेल तर गेज टोकाच्या फार जवळ आहेत.

एक रुंदीचा हा अंदाज भरीव, एकसंध धातूच्या पट्टीसाठी आहे. पातळ भिंतीच्या उघड्या छेदाच्या चॅनेलमध्ये, किंवा लांबीच्या दिशेने तंतू असलेल्या संमिश्र पट्टीत, असमानता बरीच आतपर्यंत पोहोचते. असा नमुना पाठवताना छेदाचे रेखाचित्र आणि तंतूंची दिशा अवश्य कळवावी, म्हणजे गेजची जागा आम्ही त्याप्रमाणे ठरवू.