शब्दखेळ बनवताय? मग कॅरॅक्टर आणि अक्षर यातला फरक आधी बघा

वर्डलसारखा, लपलेला शब्द ओळखायचा मराठी शब्दकोड्याचा गेम करायला घेतला की पहिलाच प्रश्न येतो, शब्द किती अक्षरी आहे. सोपा वाटतो, पण इथेच बरेच जण घसरतात, कारण कॉम्प्युटर ज्याला कॅरॅक्टर म्हणतो आणि आपण ज्याला अक्षर म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "कमल"सारख्या शब्दात दोन्हींची मोजणी 3 च येते त्यामुळे टेस्ट करताना फरक कळतही नाही.

"स्वातंत्र्य" घ्या. शाळेतलं पोरगं पण सांगेल, स्वा-तं-त्र्य, तीन अक्षरं. जावास्क्रिप्टला `length` विचारलं तर 11 येतं, कारण स, पाय मोडल्याची खूण, व, काना, त, अनुस्वार, त, परत पाय मोडल्याची खूण, र, परत तीच खूण आणि य, असं सगळं सुटं मोजलं जातं. या हिशोबाने 11 चौकोन काढले तर काही चौकोनांत नुसता काना किंवा अनुस्वार येऊन बसतो, खाली ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ घेऊन, आणि खेळणाऱ्याला कळत नाही हे काय टाईप करायचं.

मग लोक `Intl.Segmenter` वापरतात, म्हणजे जावास्क्रिप्टचीच मजकुराचे अक्षरांत तुकडे पाडणारी सोय. बरोबर दिशा आहे, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. जोडाक्षर तोडायचं नाही हा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, म्हणजे 2023 मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर हाच शब्द स्‌-वा-तं-त्‌-र्‌-य असा सहा तुकड्यांत पडतो आणि नव्यावर तीन. दोन मैत्रिणी एकच कोडं सोडवतायत आणि एकीला सहा चौकोन, दुसरीला तीन, हे चालणारच नाही. म्हणून मी म्हणेन की मोजणी स्वतःची ठेवा, फार काही लागत नाही:

```
const re = /(?:[\u0915-\u0939]\u094D)*[\u0915-\u0939][\u093E-\u094C]?[\u0901-\u0903]?|[\u0905-\u0914\u0972][\u0901-\u0903]?/g;
"स्वातंत्र्य".match(re); // स्वा, तं, त्र्य
```

तुकडे परत जोडून मूळ शब्दच येतोय का हेही बघा. "किंचित्" लिहिलं असेल तर शेवटचा मोडलेला पाय गुपचूप गळतो, तो या तपासणीत सापडतो.

आता खेळणाऱ्याने लिहिलेला शब्द गेमच्या शब्दयादीशी ताडून बघणं. इथे त्रास असा की डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द आतून वेगळा असू शकतो. "दऱ्या"मधला अर्धा र काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात, काही साधा र, मोडलेला पाय आणि पुढे न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर असा लिहितात. स्क्रीनवर दोन्ही सेम, पण गेम म्हणतो शब्द यादीत नाही. यावर न दिसणारे कॅरॅक्टर सरसकट उडवायचे हा उपाय तर करूच नका, कारण मग "दऱ्या"चा "दर्या" होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! आधी त्या र चा ऱ करा, मग बाकीचे उडवा:

```
s.normalize("NFC")
 .replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
 .replace(/\u0905\u0945/g, "\u0972")
 .replace(/[\u200B-\u200D]/g, "");
```

तिसरी ओळ "अॅप" आणि "ॲप" एक करायला आहे, ते `normalize` करत नाही. हीच सफाई यादीवर आणि खेळणाऱ्याच्या शब्दावर, दोन्हीकडे चालवायची, आणि अक्षरं त्यानंतरच मोजायची.

यादी कुठून आणता हेही बघा. मोल्सवर्थच्या (दुसरी आवृत्ती 1857) किंवा दाते-कर्व्यांच्या कोशात 1962 च्या नियमांआधीचं लेखन आहे, "नांव", "नाहीं" असं, ते आज कोणी टाईप करणार नाही. शिवाय कोशात "दरी" असते, "दऱ्या" नसते. म्हणून उत्तरांची छोटी, हाताने निवडलेली यादी वेगळी आणि चालतील अशा शब्दांची मोठी, अनेकवचनं आणि सामान्यरूपं धरलेली यादी वेगळी ठेवा.

राहिले रंग. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नसेलच तर करडा. उत्तर "पुस्तक" आणि कोणी "पालक" लिहिलं तर क हिरवा, ल करडा, पण पा चं काय? व्यंजन बरोबर, उकाराच्या जागी काना. त्याला करडा देणं मला अन्यायाचं वाटतं, अशा वेळी वेगळा चौथा रंग द्या. दोन्ही अक्षरांतून `/[\u0901-\u0903\u093E-\u094C]/g` काढून टाका, प आणि प जुळले की तो रंग. "स्त" आणि "त" मात्र असे जुळत नाहीत, आणि ते तसंच राहू द्यावं, कारण जोडाक्षर ओळखणं हाच तर या खेळातला अवघड भाग आहे.