ब्रांचिंग स्टोरी गेम: निवडी कशा लक्षात राहतात आणि शेवट एकाच जागी का येतात

ब्रांचिंग स्टोरी गेम म्हणजे ज्यात गोष्ट मध्येच थांबते, खेळाडूसमोर दोन-तीन पर्याय येतात आणि त्याने काय निवडलं त्यावर पुढची गोष्ट बदलते. किंवा बदलल्यासारखी वाटते, आणि सगळी गंमत या ‘वाटते’मध्येच आहे. असे गेम खेळलेल्या जवळपास प्रत्येकाला एकदा तरी असं झालेलं असतं की दुसऱ्यांदा मुद्दाम सगळं उलटं करून बघितलं, सगळ्यांशी वाईट वागलो, तरी शेवट साधारण तोच आला, फक्त दोन वाक्यं वेगळी. लोक याला लगेच आळशीपणा म्हणतात. कधीकधी तो असतोही. पण बहुतेक वेळा कारण हिशोबात असतं, आणि त्याहून जास्त गेम नेमकं काय लक्षात ठेवतो यात असतं.

आधी साधा हिशोब बघू. समजा गेममध्ये 10 निवडी आहेत, प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय, आणि लेखकाने ठरवलं की प्रत्येक निवडीनंतर गोष्ट खरोखर वेगळी करायची, परत कधी जोडायची नाही. मग 1024 शेवट होतात आणि सुरुवातीपासून मोजले तर एकूण 2047 प्रसंग लिहावे लागतात. एक प्रसंग 200 शब्दांचा धरला तरी चार लाखांच्या वर शब्द झाले. आणि एका खेळात खेळाडूला त्यातले फक्त 11 प्रसंग दिसणार, म्हणजे 2200 शब्द! या झाडासारख्या रचनेला टाइम केव्ह म्हणतात, 1979 च्या ‘द केव्ह ऑफ टाइम’ या पुस्तकावरून, ज्यात 40 शेवट होते. पुस्तकात हे चालून गेलं कारण प्रत्येक वाट दोन-चार पानांत संपवता येते. लांब गेममध्ये चालत नाही.

म्हणून लेखक वाट फोडतात आणि थोड्या वेळाने परत जोडतात. याच 10 निवडी, प्रत्येकीनंतर दोन वेगळे प्रसंग आणि मग दोघांसाठी एक सामायिक प्रसंग, असं केलं की एकूण 31 प्रसंग पुरतात आणि खेळाडूला त्यातले 21 दिसतात. लिहिलेलं वाया जात नाही. इंक नावाची स्क्रिप्टची भाषा आहे, तिच्यात तर या जोडण्यासाठी स्वतंत्र चिन्हच आहे, ओळीच्या सुरुवातीला एक साधा डॅश. त्याला गॅदर म्हणतात. एका जहाजाची गोष्ट धरू, कप्तानाने तुम्हाला बंद नकाशा सांभाळायला दिलाय:

```
VAR trust = 0
VAR saw_map = false

* [नकाशा उघडून बघ]
    ~ saw_map = true
    ~ trust = trust - 1
* [तसाच ठेव]
    ~ trust = trust + 1
- पहाटे जहाज निघालं.
```

नकाशा बघा नाहीतर नका बघू, जहाज पहाटेच निघणार. फरक उरतो तो वरच्या दोन व्हेरिएबलमध्ये. `saw_map` हा फ्लॅग आहे, घडलं किंवा नाही घडलं एवढंच सांगणारा. `trust` हा काउंटर, प्रत्येक निवडीने एकने वर किंवा खाली. सेव्ह फाइलमध्ये मुख्यतः असल्याच गोष्टी जातात: आत्ता कुठे आहात, कुठला फ्लॅग चालू आहे, कुठला आकडा किती आहे. इंक कुठल्या प्रसंगाला किती वेळा भेट दिली हेही आपोआप मोजून ठेवतं, पण ते विचारायचं की नाही हे लेखकाच्या हातात. तुम्ही नकाशा घाबरत उघडला का चिडून, आधी दहा मिनिटं विचार केला का, हे कुठेच नसतं. ज्या दोन वाटांनी हे सगळे आकडे सारखे येतात त्या गेमच्या दृष्टीने एकच वाट. एकत्र येणं शेवटी नाही, इथेच सुरू होतं.

फ्लॅगचा फायदा असा की तो बऱ्याच वेळाने अचानक वापरता येतो. तीन प्रसंगांनंतर कप्तान म्हणतो, ‘सील कोणीतरी तोडलंय,’ आणि फ्लॅग चालू असेल तरच तुमच्याकडे बघतो. एका वाक्याचा खर्च, पण खेळाडूला वाटतं की गेमला सगळं आठवतंय. हे फसवणं आहे का? माझ्या मते नाही, खरंच आठवलेलं असतं, फक्त त्याने पुढे जहाजाची दिशा बदलत नाही. ‘द वॉकिंग डेड’ (2012) या गेममध्ये स्क्रीनवर कोपऱ्यात येणारी अमुक व्यक्ती हे लक्षात ठेवेल अशी सूचना लोकांना अजून आठवते, आणि ती सूचना म्हणजे लक्षात ठेवलं याचीच ग्वाही, परिणाम होईल याची नव्हे, हे बहुतेकांना फार उशिरा कळलं.

आता काउंटर. हा जास्त फसवा, कारण यात लेखकालाही कळत नाही की तो शेवट एकत्र करतोय. आपल्या जहाजाच्या गेममध्ये 10 निवडी आहेत, प्रत्येक वेळी `trust` एकने वाढतो किंवा कमी होतो, आणि शेवटी असं तपासलंय:

```
{
- trust >= 6: -> ending_friend
- trust <= -6: -> ending_mutiny
- else: -> ending_shore
}
```

वाचताना हे एकदम न्याय्य वाटतं, तीन शेवट, चांगला, वाईट, मधला. मोजून बघा. वाटा 1024 आहेत, पण `trust` च्या किंमती शक्य आहेत फक्त 11 (उणे 10 पासून 10 पर्यंत, दोन-दोनने). म्हणजे 1024 चे आधीच 11 झाले. 6 किंवा जास्त यायला 10 पैकी किमान 8 निवडी कप्तानाच्या बाजूने लागतात आणि अशा वाटा आहेत फक्त 56. बंडाच्या शेवटाकडे तितक्याच, 56. उरलेल्या 912 वाटा, म्हणजे 89 टक्के, मधल्या शेवटावर. चार प्रसंगांत जीव ओतून वागलेला खेळाडू आणि नाणं उडवून खेळलेला खेळाडू दोघेही किनाऱ्यावर उतरतात, कारण अधिक आणि उणे एकमेकांना खातात. तुम्ही एका प्रसंगात कप्तानाचा जीव वाचवला आणि दुसऱ्यात त्याची भाकरी चोरली, तर काउंटरला दोन्ही मिळून शून्य. माणूस असं शून्य करत नाही.

चॉइसस्क्रिप्ट ही इंकसारखीच दुसरी भाषा, तिच्यात फेअरमॅथ म्हणून प्रकार आहे, त्यात 0 ते 100 चा आकडा उरलेल्या अंतराच्या टक्क्याने हलतो. 50 वर 20 टक्के वाढवलं की 60, परत वाढवलं की 68, पुढे पायरी लहानच होत जाते. आकडा शंभरच्या वर जात नाही हे चांगलं, पण टोकाला पोचणं अजून अवघड होतं आणि मधे गर्दी वाढते.

अर्थात खरे खेळाडू नाणं उडवत नाहीत. बहुतेक जण चांगलंच वागतात, निदान पहिल्या खेळात तरी. समजा एखादा खेळाडू 10 पैकी सरासरी 8 वेळा कप्तानाची बाजू घेतो, म्हणजे दरवेळी 80 टक्के शक्यता. मग वरच्याच कोडने मित्राचा शेवट साधारण 68 टक्के वेळा येतो, आणि बंडाचा शेवट दहा हजारांत एखाद्यालाच. कोड तोच, उंबरठे तेच, फक्त लोक वेगळे वागले. बंडाच्या त्या प्रसंगावर तीन आठवडे काम केलेल्या लेखकाचं तोंड काय होत असेल ते सोडा. पुढच्या गेमच्या वेळी तो प्रसंग आधी कापला जातो हे मात्र समजण्यासारखं आहे.

तिसरी जागा म्हणजे तपासण्याचा क्रम, आणि इथे खरी चूक होते, आधीचे दोन निदान हिशोब तरी होते. अशा यादीत वरून खाली बघतात आणि पहिली खरी ठरलेली अट जिंकते. आता समजा चौथा शेवट घातला, नकाशा बघितलेला असेल तर गुप्त बेट. तो यादीत सगळ्यात वर ठेवला तर ज्याने ज्याने नकाशा उघडला तो बेटावर, मग विश्वास काहीही असो, म्हणजे 1024 पैकी 512 वाटा एका क्लिकवर ठरल्या आणि बाकीच्या नऊ निवडी त्यांच्यासाठी नुसती सजावट. `else` च्या बरोबर आधी ठेवला तर कप्तानाचा जिवलग झालेला माणूस नकाशा बघूनही बेट कधीच बघणार नाही. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण ठरवून व्हायला हवं. बऱ्याचदा ते फक्त जी ओळ आधी टाइप झाली त्यावरून ठरलेलं असतं!

हे पकडायचं कसं? हाताने खेळून कळत नाही, कारण स्वतः लेखक नेहमी ओळखीच्या वाटेनेच जातो. चॉइसस्क्रिप्टबरोबर रँडमटेस्ट येते, ती गेम हजारो वेळा आपोआप वाट्टेल ते निवडून खेळते आणि कुठल्या ओळीवर किती वेळा पोचली ते सांगते. एखाद्या शेवटाचा आकडा शून्य आला तर अट बहुतेक चुकलीय किंवा वरच्या अटीने ती खाऊन टाकलीय. फार लहान आला तर उंबरठा बघायचा. पण ही टेस्ट नाणंच उडवते, त्यामुळे तिने दाखवलेली मधली गर्दी खऱ्या खेळाडूंची नसते. ते कळायला माणसंच बसवावी लागतात.

याच्याशिवाय एक खर्चिक प्रकार असतो, मेलेल्या पात्रांचा. एखादं पात्र निवडीनुसार मरू शकतं म्हटल्यावर पुढचा प्रत्येक प्रसंग दोनदा विचारात घ्यावा लागतो, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि ॲनिमेशन दोन्ही. म्हणून ‘द वॉकिंग डेड’च्या पहिल्या भागात कार्ली किंवा डग यातल्या एकालाच वाचवता येतं, आणि जो वाचला तो तिसऱ्या भागात मरतोच. ‘मास इफेक्ट 3’ मध्ये दुसरी पद्धत: आधीच्या गेममध्ये रेक्स मेला असेल तर त्याच्या जागी रीव्ह येतो, मॉर्डिन मेला असेल तर पाडोक विक्स, आणि प्रसंगाचा सांगाडा बराचसा तोच. राक्नी राणीला पहिल्या गेममध्ये मारलं असलं तरी तिसऱ्यात शत्रूने बनवलेली नकली राणी भेटते. मला यातली पात्र बदलण्याची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण रीव्हशी बोलताना रेक्स नाही हे निदान जाणवतं.

उलट दिशेनेही आकडे फुगवता येतात. ‘फॉलआउट’ (1997) च्या शेवटी प्रत्येक गावाचं काय झालं याची वेगवेगळी स्लाइड येते. आपल्या जहाजाला असा शेवट द्यायचा तर सहा खलाशी, प्रत्येकाच्या दोन स्लाइड, म्हणजे लिहायचे 12 तुकडे आणि वेगवेगळे शेवट 64. जाहिरातीत इतके-इतके शेवट असा मोठा आकडा दिसला की आधी बघावं तो असा गुणाकार करून तर आलेला नाही ना. वाईट काही नाही त्यात, उलट ज्या खलाशाला तुम्ही पाचव्या प्रसंगात पाण्यातून ओढून काढलं त्याची स्लाइड बाकी सगळं एकत्र आलं तरी तुमचीच राहते, कारण ती काउंटरच्या बेरजेत गेलेली नसते, स्वतःच्या फ्लॅगवर उभी असते.