पेशी की रक्तवाहिन्या? अल्झायमर आणि व्हॅस्क्युलर डिमेन्शिया वेगळे कसे ओळखले जाऊ लागले

नोव्हेंबर 1901. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आलोइस अल्झायमर 51 वर्षांच्या ऑगस्ट डेटर यांना तपासत होते. त्यांनी पेन, किल्ली, सिगार अशा काही वस्तू तिला दाखवल्या. प्रत्येक वस्तूचं नाव तिनं बरोबर सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, मघाशी मी तुम्हाला काय दाखवलं होतं? तिला काहीच सांगता येईना. काही दाखवलं होतं याचाच पत्ता नव्हता. हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण पुढे दोन आजारांमधला फरक नेमका याच जागी सापडणार होता.

तोवर अल्झायमर यांचा अभ्यास मुख्यतः मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर होता, हे फारसं सांगितलं जात नाही. 1890च्या दशकात धमन्या कठीण झाल्यावर मेंदू कसा झिजतो यावर त्यांनी लिहिलं होतं. ऑटो बिन्सवांगर यांनी 1894मध्ये मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाची झीज वर्णन केली, तिला बिन्सवांगर यांचं नाव दिलं तेही अल्झायमर यांनीच. म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आजारातून होणाऱ्या ज्या स्मृतिभ्रंशाला आज आपण व्हॅस्क्युलर डिमेन्शिया म्हणतो, त्याचे ते जाणकार होते. एप्रिल 1906मध्ये डेटर गेल्या. त्यांच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवले तेव्हा मात्र पेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि पेशींच्या बाहेर साचलेल्या पदार्थाचे ठिपके दिसले. नोव्हेंबर 1906मध्ये ट्युबिंगेनच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं, तेव्हा फारसं कुणी काही विचारलंही नाही. पुढच्या वर्षी छापून आलेल्या टिपणात त्यांनी आणखी एक नोंद केली: मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत धमनीकाठिण्याचे बदल दिसतात. या एका वाक्याकडे शेवटी पुन्हा यावं लागेल.

1910मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं, पण तो तुलनेनं लहान वयात होणारा दुर्मीळ आजार म्हणून. सत्तरीनंतरच्या विसराळूपणाचं खापर रक्तवाहिन्यांवरच फुटत राहिलं. वय झालं, नसा कडक झाल्या, मेंदूला रक्त कमी पडतं, हे स्पष्टीकरण इतकं सोपं होतं की पुढची अर्धी शतकभर ते पुरलं. त्यावरून औषधंही निघाली. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. ज्याला बहुधा रक्तवाहिन्यांचा आजारच नव्हता त्याला त्या देऊन काय होणार होतं? काही झालं नाही.

हे चित्र इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये उलटलं. बर्नार्ड टॉमलिन्सन, गॅरी ब्लेस्ड आणि मार्टिन रॉथ यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या आणि नसलेल्या वृद्धांची जिवंतपणी चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. स्मृतिभ्रंश झालेल्या 50 वृद्धांच्या मेंदूंवरचा त्यांचा निबंध 1970मध्ये आला. जवळपास निम्म्यांत अल्झायमर यांनी दाखवलेलेच गुंते आणि ठिपके होते. ज्यांचा दोष फक्त रक्तवाहिन्यांवर टाकता येईल असे मेंदू बरेच कमी होते. रक्त न पोहोचल्यानं मेलेल्या भागाचं आकारमानही त्यांनी मोजलं. असा भाग थोडा असला तरी माणूस शहाणासुरता राहू शकत होता. तो 100 मिलिलिटरच्या पुढे गेला, की मात्र बुद्धी शाबूत राहिलेली दिसत नव्हती. नुसत्या कडक झालेल्या धमनीनं स्मृती जात नाही. मेंदूचा भाग मरावा लागतो.

हाच मुद्दा व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974मध्ये पुढे नेला. ‘मल्टी-इन्फार्क्ट डिमेन्शिया’ हे नाव त्यांनी पुढे आणलं. इन्फार्क्ट म्हणजे रक्त तुटल्यामुळे मेलेला भाग. रक्त सगळीकडे थोडं थोडं कमी पडत नाही, एका वाहिनीत अडथळा येतो आणि तिच्या वाट्याचा तुकडा जातो, मग दुसऱ्या वाहिनीचा. 1975मध्ये त्यांनी या तर्कावर 13 बाबींची एक गुणतालिका केली. अचानक सुरुवात, चढउतार, पूर्वी झालेला पक्षाघात, एका बाजूची लक्षणं आणि तपासणीत दिसणाऱ्या त्याच्या खुणा या पाच बाबींना प्रत्येकी दोन गुण. पायरीपायरीनं होणारी घसरण, उच्च रक्तदाब, रात्रीचा गोंधळ, अनावर रडू किंवा हसू येणं, स्वभाव टिकून राहणं अशा उरलेल्या आठ बाबींना एकेक. सात किंवा जास्त गुण म्हणजे रक्तवाहिन्यांचा आजार, चार किंवा कमी म्हणजे अल्झायमरकडे कल. मधले पाच-सहा अधांतरी.

कल्पनेतली दोन माणसं घेऊन ही तालिका चालवून पाहू. एक 68 वर्षांचे निवृत्त गृहस्थ. रक्तदाब जुना. एका सकाळी डावा हात ढिला पडला, जीभ अडखळली, आणि त्या आठवड्यापासून हिशेब जमेनासे झाले. दोन महिन्यांत बरीच सुधारणा झाली. चौथ्या महिन्यात पुन्हा एक झटका आला आणि ते आणखी एक पायरी खाली उतरले. डॉक्टरांना डाव्या बाजूचे प्रतिक्षेप तीव्र आढळले. स्वभाव तोच आहे, पण जरा काही झालं की डोळे भरून येतात. अचानक सुरुवातीचे दोन, पक्षाघाताचे दोन, हाताच्या लक्षणाचे दोन, तपासणीतल्या खुणेचे दोन, मग पायरी, रक्तदाब, स्वभाव आणि रडू यांचा एकेक. एकूण बारा.

दुसरी 72 वर्षांची बाई. सुरुवात कधी झाली ते घरच्यांना सांगता येत नाही. मुलगा म्हणतो दोन वर्षांपूर्वी, सून म्हणते त्याही आधी. आधी तोच प्रश्न पुनःपुन्हा, मग ठेवलेल्या वस्तू न सापडणं, मग ओळखीच्या रस्त्यावर चुकणं. रक्तदाब तिलाही आहे, संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो. गुण दोन. रक्तदाब दोघांनाही आहे, निदान मात्र त्यावरून होत नाही. सुरुवातीची तारीख सांगता येते की नाही, हा प्रश्न घरच्यांना विचारून जितकं कळतं तितकं पुष्कळ महागड्या तपासण्यांतूनही कळत नाही, असं माझं मत आहे.

पण तालिकेत स्मृतीबद्दल एकही बाब नाही. विसरतात दोघंही. ते वेगवेगळ्या तऱ्हेनं विसरतात हे दाखवायला वेगळी चाचणी लागली, आणि ती 1980च्या दशकात एलन ग्रोबर आणि हर्मन बुश्के यांनी घडवली. 16 शब्द, एका कार्डावर चार. प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारातला. परीक्षक विचारतो, यातलं फळ कोणतं? वाद्य कोणतं? शब्द दाखवून म्हणायला लावल्यामुळे, नीट ऐकलंच नव्हतं ही सबब उरत नाही. मग थोडा वेळ दुसऱ्या कामात लक्ष गुंतवून विचारायचं, आठवतील तेवढे सांगा. जे राहिले त्यांच्यासाठी इशारा: एक फळ होतं, कोणतं?

आपल्या गृहस्थांना आपणहून सहाच आठवले. इशारे दिल्यावर मात्र ते चौदावर पोहोचले. शब्द आत होते, पण शोधून काढता येत नव्हते. मेंदूच्या पुढच्या भागाला खोल केंद्रांशी जोडणारे पांढरे तंतू बारीक वाहिन्यांच्या आजारात तुटतात, आणि कपाट भरलेलं असूनही कप्पा उघडणारा हात मंदावतो. म्हणून त्यांच्यात विसरण्याहून जास्त दिसतो तो विचारांचा संथपणा, आणि एका कामातून दुसऱ्याकडे वळताना होणारी अडचण. बाईंना आपणहून चार आठवले आणि इशाऱ्यानं जेमतेम सात. शिवाय फळ म्हणून तिनं यादीत नसलेलंच एक ठामपणे सांगितलं. तिथे कप्पाच रिकामा आहे. 1991मध्ये हायको आणि एव्हा ब्राक यांनी, योगायोगानं फ्रँकफर्टमध्येच, दाखवलं की तंतूंचे गुंते आधी कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या पट्ट्यात सुरू होतात, मग हिप्पोकॅम्पसमध्ये पसरतात आणि फार उशिरा मेंदूच्या बाकीच्या बाहेरच्या सालीत जातात. नव्या गोष्टी नोंदवणारी यंत्रणा नेमकी तिथेच आहे. 1901मध्ये किल्ली आणि सिगार ओळखूनही क्षणात गमावणारी ऑगस्ट डेटर याच जागी अडकली होती.

हा नियम मोडतो कुठे, तेही पाहायला हवं. थॅलॅमस या मेंदूतल्या खोल केंद्राच्या पुढच्या भागात किंवा हिप्पोकॅम्पसमध्येच एक छोटा झटका बसला, तर त्या माणसाची स्मृतिचाचणी अल्झायमरसारखी दिसू शकते. फरक इतकाच की ती एका दिवसात बिघडते. उलट, बारीक वाहिन्यांचा आजार पांढऱ्या भागात वर्षानुवर्षं हळूहळू पसरला तर पायऱ्या दिसतच नाहीत. उतार अल्झायमरइतकाच सपाट असतो आणि गुणतालिका कमी गुण देऊन फसवते. अशा वेळी एमआरआय कामी येतो. चाल बिघडणं किंवा लघवी रोखता न येणं स्मृती ढासळण्याच्या आधीच सुरू झालं असेल, तर संशय रक्तवाहिन्यांकडे जावा.

आणि मग मिश्र रुग्ण. अमेरिकेतल्या वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष 1997मध्ये आले. डेव्हिड स्नोडन यांच्या गटाला दिसलं, की गुंते आणि ठिपके आजाराच्या पातळीचे असले तरी मेंदूच्या खोल भागात एक-दोन लहान मृत तुकडे नसतील तर पुष्कळ जणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी सावध राहिल्या. तेच तुकडे असले की स्मृतिभ्रंशाची शक्यता कितीतरी वाढत होती. म्हणजे दोन आजार एकमेकांचं ओझं वाढवतात. मधल्या पाच-सहा गुणांवर अधांतरी राहणारे बरेच जण याच गटातले असतात.

फरक करण्याची निकड गेल्या काही वर्षांत आणखी वाढली आहे. 2023मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे औषध ठिपक्यांमधलं अमायलॉइड हे प्रथिन काढून टाकतं, पण त्यातून मेंदूत सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो. एमआरआयवर आधीच चारहून जास्त सूक्ष्म रक्तस्राव दिसत असतील तर ते देऊ नये असं सांगितलं जातं. अमायलॉइड नसलेल्याला ते देण्यात अर्थच नाही. म्हणून आता आधी पेट स्कॅन किंवा पाठीच्या मणक्यातल्या द्रवाची तपासणी करून अमायलॉइड असल्याची खात्री करून घेतात.

आता 1907च्या त्या वाक्याकडे. 1990च्या दशकात फ्रँकफर्टमध्ये ऑगस्ट डेटर यांची जुनी फाइल सापडली आणि म्युनिकमध्ये त्यांच्या मेंदूच्या काचपट्ट्या. 1998मध्ये त्या नव्या नजरेनं तपासल्या गेल्या. गुंते भरपूर होते, ठिपकेही होते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या आजाराची खूण मात्र त्या कापांत कुठेच आढळली नाही.